काळ्या पट्ट्या कुणाच्या?

फोनवरचं चित्र टीव्हीवर घेतलं की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, चित्र मध्येच लहानसं दिसतं आणि भोवती काळ्या पट्ट्या पडतात. दुसरी, चित्र पडदाभर दिसतं, पण कडा कापल्या जातात. क्रिकेटचा धावफलक अर्धा जातो, नाटकातल्या माणसांचे पाय जातात. मग रिमोट हातात घेऊन चित्राच्या आकाराचे सगळे पर्याय एकामागून एक दाबून पाहिले जातात. कधी पट्ट्या जातात पण माणसं उंच आणि बारीक होतात, कधी पट्ट्या तशाच राहून उरलंसुरलं चित्रही कापलं जातं.

यात टीव्ही सहसा बिघडलेला नसतो आणि फोनही नसतो. काळी पट्टी चार ठिकाणी जन्माला येऊ शकते: मूळ व्हिडिओतच, व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपमध्ये, फोनमध्ये किंवा टीव्हीत. ती जिथे तयार झाली तिथेच नीट काढता येते, म्हणून रिमोटला हात लावण्याआधी पट्टी कुणाची हे ओळखायला हवं.

मुळात प्रश्न दोन आयतांचा आहे. आजचा टीव्ही 16:9 या प्रमाणाचा असतो, म्हणजे रुंदीचे सोळा भाग तर उंचीचे नऊ. हे प्रमाण ठरलं ते 1980 च्या दशकात. त्या वेळी घरातले टीव्ही 4:3 चे, जवळजवळ चौकोनी होते आणि सिनेमे मात्र निरनिराळ्या रुंदीचे. कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले आणि ते मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांमध्ये समाईक असलेला आतला आयत, दोन्ही जवळपास 1.78 प्रमाणाचे निघाले. सोळा भागिले नऊ म्हणजे तेवढेच. कुठलंही चित्र या पडद्यावर दाखवलं तरी वाया जाणारी जागा बेताची राहील, असा तो तोडगा होता.

फोनही बरीच वर्षं 16:9 चेच होते. तेव्हा फोन आडवा धरून टीव्हीवर घेतला की चित्र पडदाभर बसायचं. 2017 मध्ये हे बदललं. एलजी जी6 हा 18:9 चा फोन आला, त्याच वर्षी सॅमसंगचा एस8 18.5:9 चा आणि ॲपलचा आयफोन टेन 19.5:9 चा. कारण साधं होतं: फोन एका हातात मावायचा तर रुंदी वाढवता येत नाही, पण लांबी वाढवता येते. आज अँड्रॉइडचे बरेचसे फोन 20:9 चे आहेत, म्हणजे पडदा 1080 ठिपके रुंद आणि 2400 ठिपके लांब. टीव्ही जागच्या जागी राहिला आणि फोन लांब होत गेला. पट्ट्यांची कटकट आली ती या फरकातून.

आता मिररिंगमध्ये काय घडतं ते पाहू. टीव्हीवर `Screen Mirroring` उघडून आणि फोनवर `Smart View`, `Wireless display` किंवा `Cast` दाबून आपण जे करतो, त्यात फोन स्वतःच्या पडद्याची सतत चित्रफीत बनवतो आणि ती वाय-फायवरून टीव्हीकडे पाठवतो. अँड्रॉइड फोनांमध्ये यासाठी बऱ्याचदा मिराकास्ट ही पद्धत वापरली जाते. ती 2012 मध्ये आली. चित्र कोणत्या मापाचं पाठवायचं हे फोन आणि टीव्ही आधीच आपसात ठरवून घेतात, आणि ते माप सहसा टीव्हीच्या सोयीचं, म्हणजे 1920 बाय 1080 ठिपक्यांचं असतं. फोन आपला लांबट पडदा या चौकटीत बसेल इतका लहान करतो आणि उरलेली जागा काळी रंगवतो. टीव्हीला मिळतं ते एक पूर्ण, 16:9 चं, कडेपर्यंत भरलेलं चित्र. त्यातला काही भाग काळा आहे हे टीव्हीला कळण्याची सोयच नसते. रिमोटवर `16:9` कितीही वेळा निवडलं तरी काही बदलत नाही ते यामुळेच. टीव्हीच्या लेखी चित्र आधीच पूर्ण आहे.

एक उदाहरण आकड्यांसकट करून पाहू. समजा टीव्ही 43 इंची आहे. त्याचा पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच. फोन 20:9 चा. यूट्यूबवर एका नाटकाचं चित्रीकरण लावलंय, ते नेहमीप्रमाणे 16:9 चं आहे.

फोन आडवा केला. फोनचा पडदा आता 2400 रुंद आणि 1080 उंच. 16:9 चं नाटक त्यात पूर्ण उंचीने बसतं, म्हणजे 1920 बाय 1080. डावीकडे आणि उजवीकडे 240-240 ठिपके काळे राहतात. ही पहिली पट्टी, आणि ती यूट्यूबच्या ॲपने टाकलेली आहे. फोनवर पाहताना ती खटकतही नाही.

आता हा अख्खा पडदा, त्या काळ्या कडांसकट, टीव्हीकडे निघतो. 2400 ची रुंदी 1920 मध्ये बसवायची तर सगळं 0.8 पट करावं लागतं. उंची 1080 ची 864 होते. वर 108 आणि खाली 108 ठिपके रिकामे राहतात, तिथे फोन काळा रंग भरतो. ही दुसरी पट्टी, फोनची. नाटक स्वतः 1536 बाय 864 इतकंच उरतं आणि त्याच्या चारही बाजूंना काळं असतं. टीव्हीच्या पडद्याचा फक्त 64 टक्के भाग वापरात आहे. 43 इंची टीव्ही विकत घेऊन आपण त्यावर साडेचौतीस इंची टीव्हीएवढं नाटक पाहतो आहोत. सगळ्यात वाईट वाटावं ते हे की नाटक 16:9 चं, टीव्हीही 16:9 चा. दोघं एकमेकांत तंतोतंत बसले असते. मधल्या फोनच्या आकारामुळे दोन जोड पट्ट्या पडल्या.

चारही बाजूंना काळं दिसलं की हीच गोष्ट घडली आहे असं जवळपास खात्रीने समजावं. लहान फोटो मोठ्या माउंटमध्ये लावून तो माउंट आणखी मोठ्या चौकटीत बसवावा, तसं हे होतं.

इथे बहुतेक जण एक करतात. फोनवर दोन बोटं फाकवून व्हिडिओ मोठा करतात. फोनवरच्या कडेच्या पट्ट्या जातात आणि टीव्हीवरही नाटक रुंदीला कडेपर्यंत पोहोचतं. पण 16:9 चं चित्र 2400 रुंदीपर्यंत ताणलं की त्याची उंची 1350 होते आणि फोनची उंची आहे 1080. बाकीचे 270 ठिपके, म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा, कापला जातो. दहावा भाग वरून, दहावा खालून. प्रसारण करणारे धावफलक, नावं आणि तळाच्या ओळी कडेपासून थोड्या आत ठेवतात, पण ते अंतर साधारण पाच टक्क्यांचं असतं. दहा टक्के कापल्यावर धावफलकाचा खालचा भाग जातोच. शिवाय टीव्हीवर वरच्या आणि खालच्या पट्ट्या तशाच राहतात, कारण त्या फोनच्या आहेत. म्हणजे चित्रही गेलं आणि काळंही राहिलं. व्हिडिओ टीव्हीवर पाहायचा असेल तेव्हा ही बोटांची सवय सोडणं उत्तम. टीव्हीवर कापलेलं चित्र दिसलं तर आधी फोनवर ते मूळ आकारात आहे ना, हे बघावं.

खरा उपाय फोनला वाटेतून बाजूला करण्याचा आहे. यूट्यूबसारख्या ॲपमध्ये व्हिडिओच्या वरच्या कोपऱ्यात एक खूण असते: चौकट आणि तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तीन कमानी. आयफोनवरच्या काही ॲप्समध्ये चौकटीखाली त्रिकोण असतो. ती खूण दाबली की फोन टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन रिमोटचं काम करतो. फोनचा पडदा वाटेत येतच नाही, म्हणून 16:9 चं नाटक 1920 बाय 1080 मध्ये पडदाभर दिसतं आणि जास्त स्पष्टही दिसतं. याला कास्टिंग म्हणतात.

गोंधळ असा की अँड्रॉइडमध्ये वरून खाली ओढलेल्या बटणांच्या पट्टीतही अनेकदा `Cast` असंच लिहिलेलं असतं आणि ते मात्र मिररिंग करतं. नावावर जाऊ नये. ओळखायची सोपी युक्ती आहे: टीव्हीवर व्हिडिओ सुरू झाला की फोनवर होम स्क्रीनला जावं. टीव्हीवर नाटक चालूच राहिलं तर कास्टिंग. टीव्हीवर फोनच्या ॲपांच्या खुणा दिसू लागल्या तर मिररिंग.

आपल्याकडे मिररिंग इतकं रुजलंय त्यामागे एक खरं कारण आहे. ज्या घरांत ब्रॉडबँड नाही, तिथे इंटरनेट म्हणजे फोनचा डेटा. मिराकास्टला घरचं वाय-फाय लागत नाही. फोन आणि टीव्ही आपसात जोडले जातात आणि व्हिडिओ फोनच्या डेटावर चालतो. कास्टिंगमध्ये टीव्हीला इंटरनेट हवं. तरीही मार्ग आहे. फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडावा, टीव्हीतलंच यूट्यूब उघडावं आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये `Link with TV code` निवडावं. पडद्यावर आकडी कोड येतो, तो फोनच्या यूट्यूबमध्ये टाकला की दोघं जोडले जातात. डेटा तेवढाच फोनचा, पण चित्र पडदाभर. टीव्ही मोठ्या आकाराचं चित्र मागवतो म्हणून डेटा जास्त जाऊ शकतो. तो नको असेल तर टीव्हीवर गुणवत्ता 720 ला आणून ठेवावी.

कास्टिंगची खूणच नसलेली ॲप्स असतात, तिथे मिररिंगला पर्याय नसतो. अशा वेळी, चारही बाजूंना काळं असेल तर, टीव्हीचा झूम कामाला येतो. आपल्या उदाहरणात नाटक 0.8 पट झालं होतं. टीव्हीने अख्खं चित्र सारख्या प्रमाणात सव्वापट केलं तर 1536 चे बरोबर 1920 होतात आणि 864 चे 1080. कापली जाते ती फक्त काळी जागा. स्पष्टता थोडी कमी होते, कारण मुळात ठिपके कमीच आले आहेत, पण नाटक पूर्ण दिसतं. एलजीच्या टीव्हीत `All-Direction Zoom`, सॅमसंगमध्ये `Custom` अशा नावाने हवा तितका झूम करता येतो. मिररिंग चालू असताना हे पर्याय प्रत्येक मॉडेलमध्ये उपलब्ध असतातच असं नाही. ठरावीक प्रमाणाचाच झूम असेल तर तो सव्वापटीपेक्षा जास्त असू शकतो आणि मग कडा थोड्या जातात. अट एकच, पट्ट्या चारही बाजूंना सारख्या प्रमाणात हव्यात. फक्त वर-खाली पट्ट्या असताना झूम केला तर डावी-उजवी बाजू कापली जाते.

वर-खाली पट्ट्या राहिल्या की काही जण उभ्या दिशेचा ताण देणारा पर्याय निवडतात. पट्ट्या जातात, पण 864 ची उंची 1080 होते आणि रुंदी तेवढीच राहते, म्हणून प्रत्येक माणूस सव्वापट उंच दिसतो. डोळ्याला दोन दिवसांत याची सवय होते आणि मग चूक लक्षातच येत नाही. शंका असेल तर फोनने जेवणाच्या गोल ताटाचा अगदी वरून फोटो काढावा आणि तो टीव्हीवर न्यावा. ताट अंड्यासारखं दिसलं तर चित्र ताणलेलं आहे.

वर-खालच्या सगळ्याच पट्ट्या वाईट नसतात, हेही इथेच सांगायला हवं. मोठ्या पडद्यासाठी काढलेले अनेक सिनेमे 2.39:1 प्रमाणाचे असतात. टीव्हीवर ते रुंदीला पूर्ण बसवले की उंची 803 ठिपके उरते. पट्ट्या सिनेमाच्याच आहेत आणि त्या घालवणं म्हणजे दिग्दर्शकाने रचलेल्या चौकटीच्या दोन बाजू फेकून देणं. गंमत म्हणजे असा सिनेमा मिररिंगमध्येही जवळजवळ काही गमावत नाही, कारण 20:9 चा फोन त्या प्रमाणाच्या जवळ आहे. फाइलमध्येच काळ्या पट्ट्या भरलेल्या असतील तर मात्र ॲप तिला 16:9 समजतं आणि चारही बाजूंचं काळं परत येतं.

आता कापल्या जाणाऱ्या कडांकडे वळू. फोनवर चित्र पूर्ण आहे, बोटांनी मोठं केलेलं नाही, तरी टीव्हीवर कडा जातात, तर ते टीव्हीचं काम आहे. तपासायला फोन आडवा धरून असं ॲप उघडावं ज्यात वरच्या कडेला घड्याळ आणि बॅटरीची खूण दिसते. त्या दोन्ही खुणा फोनवर टोकाला असतात. टीव्हीवर त्या अर्ध्या किंवा पूर्ण गायब असतील तर टीव्ही कडा कापतो आहे.

कापण्याचं एक कारण जुनं आहे. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा कधीच नेमक्या नसायच्या, वाकायच्या, हलायच्या. त्यामुळे चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठं दाखवून कडा चौकटीआड लपवायची रीत पडली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला याची गरज नाही, तरी अनेक टीव्ही 16:9 च्या सेटिंगमध्ये चित्र थोडं मोठं करून कडा कापत राहिले. तो बंद करायचं बटण कंपनीगणिक वेगळ्या नावाचं आहे: सॅमसंगमध्ये `Picture Size Settings` मधलं `Fit to Screen`, एलजीमध्ये `Just Scan` किंवा `Original`, सोनीमध्ये `Display Area` खाली `Full Pixel`. हे एकदा चालू केलं की येणारा प्रत्येक ठिपका पडद्यावर दिसतो.

दुसरं कारण घरातलंच असतं. सेट-टॉप बॉक्सवरच्या 4:3 च्या वाहिन्यांच्या कडेला पट्ट्या दिसतात म्हणून कुणीतरी टीव्ही `Zoom` वर ठेवलेला असतो. काही टीव्ही प्रत्येक जोडणीचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात, काही सगळ्यांना एकच लावतात. दुसऱ्या प्रकारच्या टीव्हीवर बॉक्ससाठी केलेला झूम फोनच्या चित्रालाही लागतो. म्हणून हे सेटिंग मिररिंग चालू असतानाच उघडावं; बॉक्सच्या जोडणीवर जाऊन बदललं तर उपयोग होईलच असं नाही.

चित्र पूर्ण काळं आणि आवाज मात्र येतोय, असं झालं तर आकाराच्या सेटिंगमध्ये शोधू नये. बरीचशी पैसे भरून घ्यायची व्हिडिओ ॲप्स आणि बँकांची ॲप्स आपला पडदा दुसरीकडे पाठवायला बंदी घालतात. कुठलंच प्रमाण बदलून ते दिसणार नाही.

फोन उभा धरून मिररिंग केलं की टीव्हीवर मध्ये 486 ठिपके रुंद, म्हणजे आपल्या 43 इंची पडद्यावर 24 सेंटिमीटरचा उभा तुकडा दिसतो. दोन्ही बाजूंना मिळून पडद्याचा तीन चतुर्थांश भाग काळा. व्हॉट्सॲपवर आलेला घरच्यांचा उभा व्हिडिओ तर त्याहून लहान होतो, कारण 9:16 चा व्हिडिओ फोनच्या पडद्यातही वर-खाली जागा सोडून बसतो: टीव्हीवर 486 बाय 864. तोच व्हिडिओ गूगल फोटोजमधून कास्टिंगच्या खुणेने पाठवला तर 607 बाय 1080 होतो, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही सव्वापट. बाजूच्या पट्ट्या तरीही राहतील. उभा काढलेला व्हिडिओ आडव्या पडद्यावर न कापता भरता येत नाही, तेव्हा पुढच्या समारंभाचं चित्रण टीव्हीवर दाखवायचं असेल तर काढणाऱ्याला आधीच फोन आडवा धरायला सांगावं.

शेवटचा उपाय ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांच्यासाठी. अँड्रॉइड फोनला तात्पुरतं 16:9 चा व्हायला सांगता येतं. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून `USB debugging` चालू करावं, संगणकावर गूगलची `platform-tools` घ्यावीत, केबल जोडावी आणि आधी फोनचं खरं माप विचारावं, मग ते बदलावं:

```
adb shell wm size
adb shell wm size 1080x1920
```

पहिल्या ओळीला `Physical size: 1080x2400` असं उत्तर येईल. दुसऱ्या ओळीनंतर फोनचा पडदा दोन टोकांना काळा होईल आणि मधलाच भाग वापरात राहील. आता फोन आडवा करून मिररिंग केलं की 1920 बाय 1080 चं चित्र टीव्हीत तंतोतंत बसतं. कास्टिंगची खूण नसलेल्या ॲपमध्येही पट्ट्या राहत नाहीत. रोज वापरण्याजोगी ही सोय नाही: काही ॲप्सची मांडणी बिघडते आणि फोन पुन्हा सुरू केला तरी बदललेलं माप तसंच राहतं. म्हणून पाहून झालं की केबल काढण्याआधी मूळ माप परत आणावं:

```
adb shell wm size reset
```